शुभारंभाचा फ्लेक्स: निमंत्रण वेगळे, जाहिरात वेगळी

नवे दुकान उघडणारा माणूस फ्लेक्सवाल्याकडे जातो तेव्हा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. वर मधोमध ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, दोन्ही कोपऱ्यांत कुलदैवत आणि ग्रामदैवत प्रसन्न. त्याखाली ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ अशी सुरुवात, मग ‘भव्य शुभारंभ’, मुहूर्ताची वेळ, उद्घाटक, प्रमुख उपस्थिती, निमंत्रक आणि शुभेच्छुक, प्रत्येकाचा हात जोडलेला फोटो. दुकानात नेमके काय मिळणार ते सर्वांत खाली, बारीक अक्षरांत: ‘आमच्याकडे सर्व प्रकारचा माल योग्य दरात मिळेल. एक वेळ अवश्य भेट द्या.’

हा मजकूर कुठून आला ते उघड आहे. तो निमंत्रणपत्रिकेचा आहे. पत्रिकेत तो शोभतो, कारण पत्रिका हातात घेऊन वाचणारा माणूस आपल्याला ओळखतो आणि पूजेला, तीर्थप्रसादाला त्याने यावे अशी आपली इच्छा असते. रस्त्यावरचा फ्लेक्स मात्र अनोळखी माणसासाठी असतो. उद्घाटक कोण याच्याशी त्याचा संबंध नसतो. इथे काय मिळते, मला त्यात काय फायदा आणि हे दुकान कुठे आहे, एवढेच त्याला हवे असते. निमंत्रण आणि जाहिरात एकाच फलकावर कोंबली की पाहुण्याला बोलावणे नीट पोहोचत नाही आणि गिऱ्हाईकाला माल कळत नाही.

असे होण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर लागतात, शब्दांना वेगळे मोल पडत नाही. पेंटर हाताने अक्षरे काढत तेव्हा प्रत्येक अक्षराला श्रम लागत, म्हणून मजकूर आपोआप आखूड राही. आता डिझायनरकडे मागच्या शुभारंभाची फाइल तयार असते, तो नावे आणि फोटो बदलून देतो. जागा उरली तर ती भरायची, असा दोघांचाही कल असतो. त्यामुळे पहिला निर्णय दुकानदारालाच घ्यावा लागतो: मानाची नावे पत्रिकेवर आणि व्हॉट्सअॅपच्या निमंत्रणावर, दुकानाची गोष्ट फ्लेक्सवर. नावे पत्रिकेत सविस्तर आली की शुभेच्छुकांचा मानही राहतो आणि फलक मोकळा होतो.

फलकावर मावते किती?

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. गावातल्या वस्तीत एक पोळी-भाजी केंद्र दसऱ्याला उघडायचे आहे. नमुन्यापुरते त्याचे नाव ‘ओसरी’ ठेवू. फ्लेक्स सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, चौकात लावायचा. बघणारे बहुतेक जण दुचाकीवर आहेत.

फलक रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब आहे: दर दहा फूट अंतराला अक्षराची एक इंच उंची असली की ते सहज वाचता येते. म्हणजे आठ इंचांचे अक्षर साधारण ऐंशी फुटांवरून आरामात वाचता येईल. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने येणारी दुचाकी सेकंदाला आठ मीटरांच्या आसपास जाते. ऐंशी फूट म्हणजे सुमारे २४ मीटर, तेव्हा चालकाकडे जेमतेम तीन सेकंद आहेत, आणि त्यातही त्याची नजर रस्त्यावर हवी. तीन सेकंदांत मोठ्याने वाचून पाहा. सात-आठ शब्दांच्या पुढे जाता येत नाही.

देवनागरीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे अक्षराचे अंग आठ इंच ठेवले तर ओळीला सुमारे चौदा इंच जागा लागते. ती दिली नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात आणि लांबून सगळा गिचका दिसतो. चार फुटांची उंची ४८ इंच. वरखाली तीन-तीन इंच मोकळे सोडले की ४२ उरतात. त्यात आठ इंची अक्षरांच्या फक्त तीन ओळी बसतात. रुंदीतही तेच. सहा फुटांतून समास सोडले की अशी नऊ-दहा अक्षरे एका ओळीत येतात. म्हणजे सर्वांत मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट सांगता येते. बाकीच्या दोन-तीन ओळी त्याहून लहान ठेवाव्या लागतात आणि त्या जवळ आल्यावर किंवा सिग्नलला थांबल्यावर वाचल्या जातील असे धरून चालावे लागते.

मग ती एक मोठी गोष्ट कोणती? बहुतेक जण तिथे दुकानाचे नाव टाकतात. पण नव्या दुकानाचे नाव अजून कोणाला माहीत नाही. ‘ओसरी’ एवढे मोठ्या अक्षरांत वाचून कोणाला पोळ्या आठवणार नाहीत. फर्निचरचे दुकान असेल, कार्यालय असेल, असेही वाटू शकते. म्हणून सर्वांत मोठी ओळ मालाची: पोळी-भाजी केंद्र. नाव पत्त्याच्या ओळीत येऊ द्यावे, म्हणजे दारावरची पाटी ओळखायला ते उपयोगी पडते.

‘शुभारंभ’ हा शब्दही फलकावर लागत नाही. तो एका दिवसाचा आहे, आणि तो दिवस गेला की अख्खा फ्लेक्स शिळा दिसतो. मुहूर्ताची वेळ तर गिऱ्हाईकाला मुळीच नको. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त पूजेसाठी आहे, पोळ्या न्यायला माणूस येणार संध्याकाळी सातला. फलकावर दुकानाची वेळ हवी.

ऑफर एका वाक्यात बसली पाहिजे

‘आकर्षक सवलती’, ‘भरघोस सूट’, ‘१० ते ४० टक्क्यांपर्यंत’ या शब्दांनी कोणी दारात येत नाही, कारण त्यातून मनात ठराविक चित्र उभे राहत नाही. नीट ऑफर म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरे: मी काय घ्यायचे, मला काय मिळणार आणि कधीपर्यंत. पोळी-भाजी केंद्राची ऑफर अशी ठेवता येईल: ५ पोळ्यांवर भाजी मोफत, रोज संध्याकाळी ७ ते ९, कोजागरीपर्यंत.

हीच ऑफर का, त्याचा हिशोब पाहू. समजा पोळी १२ रुपयांना आणि भाजीची वाटी ४० रुपयांना विकायची आहे. एका पोळीला सात रुपये आणि एका वाटीला २० रुपये खर्च येतो. पाच पोळ्यांचे ६० रुपये आले, त्यातून खर्च वजा जाता २५ सुटले, त्यातले २० भाजीला गेले. हाती पाच रुपये राहिले, पण खिशातून काही गेले नाही. गिऱ्हाईकाला मात्र ४० रुपयांची वस्तू मिळाली. तेवढीच ४० रुपयांची रोख सूट दिली असती तर मालकाचे पूर्ण ४० गेले असते. शिवाय सूट घेऊन गेलेल्या माणसाला भाजीची चव कळत नाही, आणि हे दुकान पुढे चालणार ते भाजीच्या चवीवर. ऑफरमध्ये मोफत द्यायचे ते असेच निवडावे: ज्याचा आपल्याला खर्च कमी, गिऱ्हाईकाला मोल जास्त आणि ज्यासाठी त्याने उद्या पैसे मोजून परत यावे असे आपल्याला वाटते.

मुदतीसाठी ‘कोजागरीपर्यंत’ हा शब्द दोन कारणांनी चांगला. दसरा आश्विन शुद्ध दशमीला, कोजागरी त्याच पक्षातल्या पौर्णिमेला. मधले दिवस मोजके आहेत आणि तारीख न छापताही घरात प्रत्येकाला कळते की वेळ थोडा आहे. हातातल्या पत्रकावर मात्र वार आणि तारीखही लिहावी, कारण कॅलेंडर पाहायची सवड तिथे असते. दसऱ्याच्या दिवशी पूजा करून दुकान उघडावे, पण मोफत भाजी दुसऱ्या दिवसापासून सुरू करावी हे बरे. त्या दिवशी घरोघरी श्रीखंड-पुरीचा बेत असतो, विकत पोळ्या नेणारे थोडेच.

आता अटींचा भाग. फलकावर तारा काढून कोपऱ्यात ‘अटी लागू’ लिहिण्याची पद्धत पडली आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांत खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा असे म्हटले आहे. आमिष म्हणून जाहिरात केलेला माल पुरेसा ठेवायला हवा, आणि मोफत म्हटलेल्या वस्तूचे पैसे दुसऱ्या नावाने घेऊ नयेत, हेही त्यांत आहे. छोट्या दुकानदाराने यातून एक सोपा नियम काढावा: जी अट मोठ्या अक्षरांत लिहायची लाज वाटते, ती अट ठेवू नये.

आपल्या उदाहरणात वेळेची अट आहे, ती मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. एखादी बाई दहा पोळ्या मागतील, तेव्हा त्यांना भाजीच्या दोन वाट्या द्याव्या लागतील, कारण ‘एका घराला एकच’ असे फलकावर कुठे म्हटलेले नाही. गल्ल्यावर उभ्या मुलाने तिथे नवी अट काढली तर पहिल्याच दिवशी वाद होतो. म्हणून मजकूर छापायच्या आधी स्वयंपाकघराचा हिशोब करावा. दोन तासांत नव्वद वाट्या जातील असे धरले आणि वाटीत दीडशे ग्रॅम भाजी घेतली तर रोज साडेतेरा किलो शिजलेली भाजी लागेल. तेवढी होणार नसेल तर ऑफर साडेसात ते साडेआठ अशी आखूड करावी, पण छापण्याआधी. आठ वाजता ‘भाजी संपली’ सांगावे लागले तर तो फ्लेक्स दुकानाच्या विरोधात बोलू लागतो.

एवढे ठरले की फलकाचा मजकूर असा उरतो:

पोळी-भाजी केंद्र
५ पोळ्यांवर भाजी मोफत
कोजागरीपर्यंत, रोज संध्याकाळी ७ ते ९
‘ओसरी’, मारुती मंदिरासमोर

पहिली ओळ आठ इंची, दुसरी पाच-सहा इंची, खालच्या दोन चार इंची. फोन नंबर इथे नाही, कारण चालत्या गाडीवरून कोणी दहा आकडे टिपत नाही, आणि त्या नंबरने अर्धी ओळ खाल्ली असती. देवाचे नाव ठेवायचे असेल तर वरच्या समासात लहान अक्षरांत सुखाने ठेवता येते.

एकच फाइल, चार फलक: इथेच चूक होते

चार ठिकाणी लावायचे म्हणून एकाच मजकुराच्या चार प्रती काढल्या जातात. पण प्रत्येक जागेवरून दुकानाची दिशा वेगळी असते. चौकातल्या फलकावर ‘पुढे डावीकडे’ आणि मोठा बाण हवा, बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर तोच बाण उजवीकडे जाईल, आणि दुकानाच्या दारावरच्या फलकावर पत्त्याची गरजच नाही, तिथे ‘येथे’ एवढे पुरते. डिझायनरला एका ओळीत हा बदल सांगितला तर तो दहा मिनिटांचे काम आहे. सांगितला नाही तर लोक मंदिरापर्यंत येऊन उलट्या बाजूला वळतात. खुणेची जागा निवडताना ती पंधरा वर्षांपूर्वीची नसावी. ‘जुन्या टॉकीजजवळ’ हे नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला कळत नाही, आणि विकत पोळी-भाजी नेणाऱ्यांत असे भाडेकरू पुष्कळ असतात.

डिझायनर प्रूफ व्हॉट्सअॅपवर पाठवतो. ते डोळ्यांजवळ धरून वाचले तर सगळे छानच दिसते. त्याऐवजी असे करावे: उभ्या फोनच्या पडद्यावर चित्र साधारण पावणेतीन इंच रुंद दिसते. सहा फुटी फलकाचा तो सव्विसावा भाग झाला. म्हणून ऐंशी फुटांवरून फलक कसा दिसेल ते पाहायचे तर फोन टेबलावर उभा ठेवून तीन फूट मागे सरावे. तिथून मालाची ओळ पटकन वाचता आली नाही तर ती रस्त्यावरही वाचता येणार नाही. हीच परीक्षा दुकानाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याला द्यायला लावावी. तीन सेकंद फोन दाखवून खाली घ्यावा आणि ‘काय मिळतं, काय फुकट आहे?’ असे विचारावे. त्याने दोन्ही उत्तरे दिली तर मजकूर पास.

शुद्धलेखनही याच टप्प्यावर तपासावे. आपण फोनवरून युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर डिझायनर अनेकदा आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फिरवून घेतो. त्यात जोडाक्षरे तुटतात, रफार एक अक्षर सरकतो, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. ‘पोळ्यांवर’ आणि ‘केंद्र’ हे दोन शब्द अशा वेळी हमखास बिघडणारे. म्हणून अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचावे. पत्रकावरचा फोन नंबर डोळ्यांनी तपासू नये, प्रूफमध्ये पाहून तो खरेच लावून बघावा.

फ्लेक्स कुठेही बांधता येत नाही, हे लक्षात ठेवावे. महाराष्ट्रात सार्वजनिक जागेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे, आणि रस्त्यावर फलक लावायला महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकावर छापायला सांगितले जाते, म्हणून तळाच्या पट्टीत त्याची जागा आधीच राखावी. नाहीतर छापून झाल्यावर त्यावर कागद चिकटवत बसावे लागते.

पत्रकात काय जास्त सांगावे?

पत्रक हातात येते, घरात जाते, त्यामुळे त्यात फलकापेक्षा जास्त शब्द चालतात. पण ते फलकाची लहान प्रत नसावे आणि निबंधही नसावे. फलक पाहिलेल्या माणसाला पुढे पडणारे प्रश्न पत्रकाने सोडवावेत: भाव काय, भाजी कोणती, ऑर्डर आधी देता येते का. ‘योग्य दरात’ लिहिण्यापेक्षा ‘पोळी १२ रुपये’ लिहिल्याने जास्त विश्वास बसतो.

पुढच्या बाजूचा मजकूर असा चालेल:

आज रात्रीच्या पोळ्या आमच्याकडून!
५ पोळ्या घ्या, एक वाटी भाजी मोफत.
५ पोळ्या ६० रुपये. भाजीची वाटी एरवी ४० रुपये.
रोज संध्याकाळी ७ ते ९, कोजागरीपर्यंत.
‘ओसरी’ पोळी-भाजी केंद्र, मारुती मंदिरासमोर.
जास्त पोळ्या हव्या असतील तर सहाच्या आत फोन करा.

त्याखाली मोठ्या आकड्यांत फोन नंबर आणि ऑफरची शेवटची तारीख वारासह. ‘एरवी ४० रुपये’ हे दोन शब्द आणि एक आकडा फार कामाचा आहे. त्यामुळे मोफत म्हणजे किती ते कळते आणि कोजागरीनंतर ४० रुपये मागितले तर कोणी ‘भाव वाढवला’ म्हणत नाही.

मागची बाजू बहुतेक पत्रकांत कोरी असते किंवा तिथे सगळा माल एकाखाली एक छापलेला असतो. पोळी-भाजी केंद्राने तिथे आठवड्याचे वेळापत्रक द्यावे: सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी भेंडी, बुधवारी पिठलं, गुरुवारी कांदा-लसणाशिवाय बटाट्याची भाजी, शुक्रवारी मेथी, शनिवारी भरली वांगी, रविवारी बंद. असा कागद रद्दीत न जाता फ्रिजवर लागण्याची शक्यता बरीच वाढते. ऑफर संपल्यावरही तो तिथेच राहतो आणि बुधवारी पिठल्याची आठवण करून देतो. अर्थात हे वेळापत्रक पाळता येणार असेल तरच छापावे.

वाटपाचा सरळ मार्ग वर्तमानपत्राचा. विक्रेत्याकडे प्रत्येक मुलाची ठरलेली लाइन असते, कोणत्या गल्लीत किती अंक जातात ते त्याला पाठ असते. दुकानापासून चालत येता येईल अशाच लाइनी निवडाव्यात, कारण पाच पोळ्यांसाठी कोणी गाव ओलांडून येत नाही. गठ्ठा आदल्या संध्याकाळी पोहोचवावा, पहाटे अंक लावतानाच पत्रके आत जातात. रविवारी पुरवण्यांबरोबर पत्रकांचीही गर्दी असते, त्यामुळे मधला वार बरा. सगळी पत्रके एकाच दिवशी वाटू नयेत. हजार छापली असतील तर निम्मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणि निम्मी दोन-तीन दिवसांनी, दुसऱ्या लाइनीवर द्यावीत. पहिल्या निम्म्यांत एखादी चूक राहिली असेल तर ती तोवर कळते आणि स्वयंपाकघरावरही एकदम ताण येत नाही.

कळणार कसे?

गल्ल्याजवळ एक वही ठेवावी, तिच्यात दोन रकाने पाडावेत: फलक आणि पत्रक. येणाऱ्याला पैसे घेताना ‘कुठून कळलं?’ एवढे विचारून रेघ मारावी, आणि पत्रकवाला असेल तर गल्लीचे नाव लिहावे. पाच दिवसांत कोणत्या लाइनीवरून माणसे आली ते दिसते. फलकाच्या रकान्यात फारच थोड्या रेघा असतील तर फलकाची जागा चुकली असेल किंवा अक्षरे लहान असतील. चौकात उभे राहून पाहिले की दोन्हींपैकी काय ते कळते. लोक येतात पण ‘भाजी फक्त पोळ्यांवरच का?’ असे विचारतात, तर ऑफरचे वाक्य नीट झालेले नाही.

त्याच वहीच्या मागच्या पानावर लोक विचारतात ते प्रश्न लिहून ठेवावेत. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी फलक उतरवावा. मुदत संपलेली ऑफर रस्त्यावर टांगलेली राहिली तर नव्या गिऱ्हाईकाशी पहिलेच बोलणे वादाचे होते. मग ते मागचे पान उघडावे. ‘डबा घरपोच देता का?’ हा प्रश्न वारंवार आला असेल तर दिवाळीआधीच्या पत्रकाची पहिली ओळ त्याच्या उत्तराची हवी, आणि पोळ्यांवरची मोफत भाजी त्या पत्रकातून पूर्ण काढून टाकावी. एका पत्रकात एकच गोष्ट, हा नियम दुसऱ्या पत्रकालाही तितकाच लागू आहे.